वर्षभराचं कुलूप

मल्हारच्या हाताला वाळूची ओळख होती. कुपवाडच्या त्या फौंड्रीत तो साचे बसवत असे, आणि ओली वाळू मुठीत दाबून उघडली की ती किती पाणी प्यालीय हे त्याला कळायचं. त्याची मूठ मालकांच्या लेखी प्रयोगशाळेपेक्षा वरचढ होती असं नाही. नवी यंत्रं आल्यावर त्यांनी वाळूतलं पाणी यंत्रावर मोजायलाही सुरुवात केली होती. पण मालक जयराज आणि मल्हार या दोघांनी मिळून पहिली भट्टी पेटवली, तेव्हा यंत्रं नव्हती आणि मूठच होती.

जयराज औंधचा. वडील फौजेतून सुभेदार म्हणून परत आलेले. त्यांच्या पेन्शनीवर आणि थोड्या उसाच्या पैशावर त्यानं पंपांचे सांगाडे ओतायचा हा धंदा सुरू केला होता. मल्हार आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. थोरला भाऊ आप्पासो मेंढरांमागं गेला, आणि मल्हार शाळा सोडून सांगलीला आला. एका वाईट वर्षी पगार द्यायला पैसे नव्हते, तेव्हा जयराजनं मल्हारला पगाराऐवजी कंपनीचे शेअर दिले होते. "कागद हाय का हो हा?" असं मल्हारनं विचारलं होतं, आणि जयराज हसून म्हणाला होता, "आज कागद हाय. उद्याचं यमाईला ठाऊक."

उद्या उगवायला सात वर्षं लागली. जयराजनं ठरवलं की कंपनी बाजारात न्यायची. नवी भट्टी, नवी शेड, माल तपासायची खोली, एवढं सगळं बँकेच्या कर्जावर उभं राहिना, म्हणून लोकांना शेअर विकायचे. पुण्याहून अंकिता नावाची बँकर आली. लहान कंपन्यांचे शेअर बाजारात आणणं हेच तिचं काम. फौंड्री दाखवायला जयराजनं मल्हारला बरोबर घेतलं होतं, आणि फिरून झाल्यावर तिघं ऑफिसात चहाला बसले.

"किंमत कशी ठरते, मॅडम?" जयराजनं विचारलं. मल्हार खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"कंपनीच्या नफ्याला एकूण शेअरनी भागायचं. तुमचा एका शेअरमागं पाच रुपये नफा येतो. तुमच्यासारख्या ज्या कंपन्या बाजारात आहेत, त्यांचे शेअर नफ्याच्या पंचवीस पट किमतीला विकले जातात. आपण नवीन, म्हणून थोडं कमी धरायचं. अठरा-एकोणीस पट. म्हणजे नव्वद ते पंच्याण्णव." अंकिता म्हणाली. "हा झाला किमतीचा पट्टा. लोक त्यात बोली लावतील. भरपूर मागणी आली तर वरच्या टोकाला, पंच्याण्णवला, शेअर दिले जातील."

"आन मग खरी किंमत कंची?" मल्हारनं न राहवून विचारलं.

अंकितानं चहाचा कप खाली ठेवला. "पंच्याण्णव ही आपण ठरवलेली. खरी म्हणजे बाजारात समोरचा जी देईल ती. आणि ती रोज बदलते."

मल्हारला ते समजलं, पण पटलं नाही. पंपाचा सांगाडा किती किलोचा ते वजनकाट्यावर कळतं. त्याचं त्याच दिवशी दोनदा वजन केलं तर दोनदा वेगळं येत नाही.

मग अंकितानं त्याच्याकडं वळून, मुद्दाम सावकाश, सांगितलं. "मल्हारराव, तुमच्याकडं जे शेअर आहेत ते आधीचे. ते तुम्हाला शेअर वाटपाच्या दिवसापासून एक वर्ष विकता येणार नाहीत. याला लॉक-इन म्हणतात. आधीपासूनचे लोक आपले सगळे शेअर पहिल्याच दिवशी विकून निघून जाऊ नयेत म्हणून सेबीचा नियम आहे. जयराजसाहेबांचे वीस टक्के तर तीन वर्षं अडकणार. त्यांचे बाकीचे एक वर्ष."

"आन नव्यानं जे घेतील, त्यांना?"

"साधारण अर्जदारांना काही बंधन नाही. ते पहिल्या दिवशी विकू शकतात."

"जे पहिल्यापासून हायत त्यांनी थांबायचं, आन जे काल आले त्यांनी जायचं," मल्हार म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मालाला गार व्हायला वेळ लागतो, तसं त्यानं ते ऐकलं.

त्याचा विचार दुसऱ्याच जागी होता. आप्पासो दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं, घोडं, बायको-पोरं घेऊन उत्तरेला निघायचा. माणदेशातून लोणंद-फलटणच्या बाजूला, उसाच्या मोकळ्या रानांत, शेतकऱ्यांच्या शिवारात कळप बसवत. पावसाळ्याला परत. त्याला आता साठी गाठायची होती. गुडघे दुखत. आटपाडीजवळ विहीर असलेली एक जमीन निघाली होती. दादासो नावाच्या मालकाला सांगलीला मुलाकडं जायचं होतं, आणि त्यानं म्हटलं होतं, "तुमच्यासाठी थांबतो. वर्षभर थांबतो." तिथं विहिरीला पाणी होतं, त्यामुळं मेंढरं एका जागी ठेवता आली असती. मल्हारनं त्या श्रावणात आप्पासोला सांगितलं, "आण्णा, पुढल्या वर्षीच्या दिवाळीला तू कुठं जायचं न्हाईस. हितंच राहायचं."

आप्पासो घोंगडी सारखी करत राहिला होता. मग म्हणाला, "तुझ्या त्या कागदाचं कुलूप निघाल्यावर?"

"व्हय. एका वर्षात निघतंय."

शेअर विक्री तीन दिवस उघडी होती. साऱ्या कुपवाडनं अर्ज केले. कमीत कमी बाराशे शेअरचा एक गठ्ठा घ्यावा लागायचा, आणि तेवढ्याचे लाखावर पैसे खात्यात अडवून ठेवले जायचे, काढले जात नव्हते. मिळाले नाहीत तर मोकळे. मल्हारची मुलगी उत्कर्षा सांगलीला बी.कॉम. करत होती. शेजारच्या चार घरांचे अर्ज तिनंच फोनवर भरून दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती धावत आली. "बाबा, रिटेलमध्ये दोनशे दहा पट!"

"म्हंजे?"

"म्हणजे आपल्यासारख्या लहान अर्जदारांत एका गठ्ठ्याला दोनशे दहा अर्ज. आता सोडत निघणार. अर्ज केलेल्या दोनशे दहांत एकालाच मिळणार."

फौंड्रीत भट्टीवर काम करणारा सूरज सोडून कुणालाच मिळाले नाहीत. चाळीस माणसांनी अर्ज केले होते. उरलेल्यांचे पैसे खात्यात जसेच्या तसे मोकळे झाले, आणि हसण्यावारी नेत, "नशीब न्हाई गड्या," म्हणत ते पुन्हा कामाला लागले. सूरजनं पेढे आणले.

पहिल्या दिवशी सकाळी जयराजच्या ऑफिसात सगळे उभे होते. दहाच्या आधी बाजार किंमत शोधत होता. मागणी एवढी की किंमत वर-वर सरकत गेली. लहान कंपन्यांचा शेअर पहिल्या दिवशी ठरलेल्या किमतीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वर उघडता येत नाही, म्हणून ती त्या टोकाला, एकशे ऐंशीला जाऊन टेकली. सूरजनं दहा वाजून गेल्याबरोबर आपला गठ्ठा विकला आणि मोटारसायकलसाठी पैसे झाले म्हणून उड्या मारल्या. मल्हारनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्याकडं सूरजच्या वीसपट शेअर होते आणि तो त्यातला एकही विकू शकत नव्हता. त्याला त्याचं काही वाटलं नाही, निदान त्या दिवशी तरी.

"बाबा," उत्कर्षा रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "आज ती किंमत आपल्याला दिसतेय. मिळालेली नाही."

"दिसली तरी पुष्कळ," मल्हार म्हणाला.

दिवाळी झाली. आप्पासो मेंढरं घेऊन निघाला. "एकदाच बघ," मल्हार त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेला होता, "ह्यो शेवटचा फेरा." आप्पासोची बायको मनुबाई घोड्यावर भांडी बांधत होती. ती म्हणाली, "भावजी, तुमी दोन वर्षांमागंबी असंच म्हणाला व्हता." आणि हसली, आणि मल्हारलाही हसू आलं. बँकेत त्यानं मधल्या काळात विचारून पाहिलं होतं. सांगलीच्या मॅनेजरनं मान हलवली होती. लॉक-इनमधल्या शेअरवर कर्ज देत नाही, विकताच येत नाहीत तर तारण कसलं? जयराजकडं मागायचा प्रश्नच नव्हता. लोकांनी भरलेला पैसा कंपनीचा होता. तो नव्या भट्टीत गेला होता, आणि जयराजच्या हाती त्यातलं काही आलं नव्हतं.

वर्ष निघालं. शेअर कधी दीडशेला, कधी एकशे तीसला. मल्हारनं रोज बघायचं सोडलं. श्रावणात, लॉक-इन सुटायच्या आदल्या आठवड्यात, शेअर एकशे चाळीसला होता. त्या किमतीला जमीन, तिची नोंदणी, आणि एक पत्र्याची शेड एवढं होत होतं. उत्कर्षानं सांगलीच्या ब्रोकरला सांगून ठेवलं होतं की सकाळी नऊच्या आधी ऑर्डर टाकायची.

आदल्या संध्याकाळी जयराजनं त्याला बोलावलं. ऑफिसचं दार लावून घेतलं. दोघं एकटे असले की त्यांच्यात मालक-कामगार नसे, तरी मल्हार उभाच राहिला.

"बस मल्हार. उद्या तू विकतोयस?"

"व्हय. दादासो थांबलाय. आण्णाची दिवाळी."

जयराजनं हात तोंडावरून फिरवले. "बाजारात यायच्या आधी आपल्यात पैसे घातलेला तो पुण्याचा फंड उद्या विकणार. त्यांचे पण आधीचे, त्यांचं वर्षही उद्याच संपतंय. त्यांनी विकले तर लोक म्हणतील, त्यांचा धंदाच तो. पण तू विकलेस तर कुपवाडात गोष्ट झाकून राहणार नाही. म्हणतील, साचा बसवणाऱ्यालाच भरवसा नाही. बेळगावची पार्टी मोठी ऑर्डर द्यायच्या बेतात आहे, तीही हेच बघणार. मी माझे सुटलेले एकही विकत नाही. शपथ घेतो यमाईची. तू दसऱ्यापर्यंत थांब. तेवढंच मागतो."

 मल्हारला ते पगाराविना गेलेलं वाईट वर्ष आठवलं नाही, सुभेदारांची पेन्शनही आठवली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर आण्णाचे गुडघे होते. पण समोर जो बसला होता त्यानं आयुष्यात त्याच्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"दसऱ्यापर्यंत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या फंडानं विकायला काढले. एवढे शेअर घेणारे त्या छोट्या बाजारात नव्हते. भाव पाच टक्के पडला आणि तिथंच थांबला, कारण एका दिवसात त्याहून खाली जाऊ द्यायचं नाही असा नियम होता. दुसऱ्या दिवशी परत पाच टक्के. तिसऱ्या दिवशी परत. विकणारे रांगेत उभे, घेणारा कुणी नाही. पोरांनी याला लोअर सर्किट म्हणतात हे मल्हारला शिकवलं. उत्कर्षा रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, आत्ता तरी विकू." मल्हार जयराजला भेटला, आणि जयराज म्हणाला, "विक." पण आता विकायला काढलेले शेअर संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहत. ऑर्डर सकाळी टाकायची, रात्री तीच उरायची.

गणपती येऊन गेले. दादासोनं एक दिवस फोन केला. "मल्हारराव, लय दिवस थांबलो. पोरगं आजारी पडलंय, मला पैसे लागतात. विट्याच्या एका माणसानं रोख दिलेत." तो माफी मागत होता, आणि मल्हारच त्याला समजावत होता, "न्हाई हो, तुमचं काय चुकलं."

दसऱ्याला भाव ऐंशीच्या आसपास होता. लोकांनी पंच्याण्णवला घेतलेला, ऐंशीचा झाला. बेळगावची ऑर्डर आली नव्हती. कुपवाडच्या चहाच्या टपरीवर लोक म्हणत, मालकानं पहिल्यांदा स्वतःचे काढले आणि मग बाजार पाडला. मल्हार एकदा तिथं उभा राहून म्हणाला, "त्यांनी एक शेअर इकलेला न्हाई." कुणी ऐकलं नाही. पुढं तो टपरीवर जायचाच थांबला.

दिवाळीत आप्पासो कुपवाडला मल्हारच्या दारात आला. त्याच्या हातात काठी होती. तो नुसता उभा राहून म्हणाला, "मग मी निघू का?"

मल्हार उठून उंबऱ्यापाशी आला. "आण्णा, एक वर्ष..."

"आरं, तुझं कुलूप न्हाई निघालं का?"

"निघालं. आन मग दार न्हाई उघडलं."

आप्पासोनं मान हलवली, जणू त्याला एवढंच कळायला हवं होतं. "बरं. शेळी-मेंढीला बसून कसं चालतंय," तो म्हणाला आणि निघाला. या वेळी आटपाडीला, वेशीपर्यंत मल्हार गेला नाही. भट्टीवर दोन पाळ्या चालू होत्या.

पौषात, लोणंदच्या अलीकडं, पहाटे धुकं असताना आप्पासो कळप रस्ता ओलांडून नेत होता. पुढं घोडं, त्याच्यामागं मेंढरं, सर्वांत मागं तो. उसाचा एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, धुक्यातून आला. अर्धा कळप गेला. आप्पासो त्यातच होता. गुडघे दुखत नसते तर बाजूला झाला असता, असं मनुबाई म्हणाली.

मल्हार तिथं पोचला तेव्हा पोलिसांनी रस्ता मोकळा केला होता. कडेला मनुबाई घोंगडीवर बसली होती. तिच्या मांडीवर एक कोकरू होतं, जिवंत, आणि ती त्याच्या कानाजवळचं रक्त पदरानं पुसत होती. कोकराला काही झालेलं नव्हतं, रक्त त्याचं नव्हतं. मल्हार तिच्यासमोर बसला.

दहाव्याला जयराज आला. औंधहून गाडीनं, पांढरा सदरा घालून, एकटा. आटपाडीच्या वस्तीवर माणसं जमली होती. तो मल्हारच्या शेजारी जमिनीवर बसला. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाला, "मी त्या दिवशी थांब म्हटलं नसतं तर..."

"तर मी इकलं असतं," मल्हार म्हणाला.

"मला काही सुचत नाही रे."

"तुमी मागितलं आन मी दिलं. त्यात तुमी खोटं बोलला न्हाईत. माझ्या मनात न्हाई तसं." मल्हारनं मातीतली एक काडी उचलून बाजूला टाकली.  "पण मालक, आता काय मागू नका. माझ्याकडं द्यायला न्हाई राहिलं."

जयराजनं मान खाली घातली. मग तो उठून मनुबाईसमोर गेला, हात जोडले. मनुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमी कोण म्हणायचं?" तिनं विचारलं. त्यानं नाव सांगितलं. तिनं मान डोलावली आणि परत मांडीवरच्या त्या कोकराकडं बघू लागली.

उरलेली मेंढरं मनुबाईनं लोणंदच्या बाजारात विकली. मल्हार बरोबर होता. तिनं एकेक मेंढी दात दाखवून, पाठ चाचपून दिली, आणि प्रत्येकीचं नाव घेतलं. एकीला देताना ती थांबली. "हिला ऊन सोसत न्हाई," तिनं घेणाऱ्याला सांगितलं. त्यानं बरं म्हटलं.

मल्हारनं त्यानंतर आपले शेअर विकले. बाजार शांत झाला होता आणि रोज थोडे थोडे जात होते. आठवडाभर लागला. विहीर असलेली जमीन आता नव्हती. विहीर नसलेली दोन एकरं मिळाली, आटपाडीच्या बाहेर, त्यांत मनुबाईचं घर. नावावर तिच्याच.

तो फौंड्रीत जातो, अजूनही. साचे बसवतो, पाळी संपली की हात धुतो. जयराज शेडमध्ये येतो, माल कसा आहे विचारतो, मल्हार सांगतो. ऑफिसात चहाला बोलावलं तर जातो, उभ्या उभ्या घेतो. परवा जयराजनं विचारलं, "वाळू कशी आहे?" मल्हारनं मूठ उघडून दाखवली. ढेकूळ फुटलं नाही, आणि जयराज म्हणाला, "चांगली आहे," आणि मग दोघंही त्या मुठीकडंच बघत राहिले.